गळलेलं फूल आधी उलटं करून पाहा

*“सातव्या मजल्याच्या गच्चीवर ड्रममध्ये दुधी आणि काकडीचा एकेक वेल लावलाय. जूनच्या मध्यात बी टोकलं होतं. मांडव गच्च भरलाय, पण दुधीची पांढरी फुलं रोज सकाळी खाली पडलेली असतात. आठवड्यापासून बोटाएवढे दुधी दिसतात, तेही चार दिवसांत पिवळे पडून गळतात. काकड्या धरतात, पण वाकड्या आणि एका बाजूला बारीक. दर आठवड्याला चमचाभर युरिया देते. शेजारच्या काकू म्हणतात, वांझ फुलं खुडून टाक, ती वेलाची ताकद खातात. खुडू का?” – एक वाचक, डोंबिवली*

नमस्कार ताई,

खुडू नका. काकू ज्यांना वांझ म्हणतायत ती नर फुलं आहेत, आणि तुमच्या गच्चीवर तर आहेत तीसुद्धा पुरी पडत नाहीत असं दिसतं. संख्येने ती पुष्कळ असतील, पण त्यांचे पराग जिथे पोचायला हवेत तिथे पोचत नाहीत.

उद्या सकाळी खाली पडलेली फुलं झाडून टाकण्याआधी चार-पाच उचला आणि उलटी करून पाकळ्यांच्या खालची बाजू बघा. बारीक, लांब, सरळ देठ आणि त्यावर थेट फूल, मध्ये काही नाही, तर ते नर फूल. दुधीत हा देठ चांगला लांब असतो, म्हणून नर फुलं पानांच्या वर डोकं काढून उभी दिसतात. मादी फुलाचा देठ आखूड असतो, आणि देठ व पाकळ्या यांच्यामध्ये इवलासा, लवदार, हिरवा दुधी असतो. हा दुधी फळ धरल्यावर आलेला नसतो. कळी असतानाच तो तिथे असतो, तो त्या फुलाचा अंडाशय. काकडीतही असंच आहे. मादी फुलामागे बारीक काट्यांची छोटी काकडी असते आणि ते बहुधा पानाच्या बगलेत एकटं येतं. नर फुलं एकाच बगलेत झुबक्याने येतात.

तुमच्या अडचणीचे दोन भाग आहेत, आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत. पहिले काही दिवस जी फुलं पडली ती नर होती, आणि नर फुलाने पडायचंच असतं. ते एक दिवस उमलतं, पराग देतं आणि देठासकट गळतं. काकडी, दुधी, दोडका, कारलं या सगळ्या वेलांवर आधी नर फुलं येतात, मादी फुलं मागून आठ-दहा दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनीही येतात. पुढेही एका मादी फुलामागे दहा-पंधरा नर फुलं येणं अगदी नेहमीचं आहे. त्यामुळे सुरुवातीची गळ हा दोष नव्हता.

दोष आता आहे. बोटाएवढा दुधी ‘धरला’ असं आपण म्हणतो, पण खरं तर तो धरलेला नसतो. तो मादी फुलाचा अंडाशयच असतो. पराग मिळाले नाहीत तरी तो दोन-तीन दिवस हिरवा राहतो, किंचित वाढल्यासारखाही वाटतो, म्हणून आपली फसगत होते. मग फुलाकडच्या टोकापासून पिवळा पडायला लागतो, सुरकुततो आणि देठाशी सुटतो. पिवळेपणा टोकाकडून देठाकडे सरकत आला आणि सालीवर कुठे टोचल्याची खूण नसली, तर बहुतेक वेळा पराग न मिळाल्याचाच तो पुरावा असतो.

आता पराग का मिळत नाहीत? इथे दुधी आणि काकडी यांचं वेळापत्रक समजून घ्या, कारण दोघांचे पाहुणे वेगळे आहेत. काकडीचं पिवळं फूल सकाळी सूर्य वर येता येता उघडतं, मधमाश्या सकाळच्या उन्हात त्यावर येतात, आणि दुपारनंतर ते मिटून जातं. कारलं, डांगर आणि घोसाळंही सकाळचीच. दुधीचं पांढरं फूल मात्र संध्याकाळी, साधारण पाच ते साडेसातच्या दरम्यान उघडतं. ढगाळ दिवशी थोडं आधीही. रात्रभर ते उघडं असतं आणि सकाळी ऊन चढताच मलूल होतं. त्यावर येतात ते निशाचर पतंग. दोडक्याचं फूल पिवळं असूनही संध्याकाळचंच, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सातव्या मजल्यावर, आजूबाजूला फुलझाडं फारशी नसताना, संध्याकाळी पतंग पोचण्याची आशा कमीच. त्यात श्रावणातला पाऊस. पाऊस पडत असताना मधमाशी बाहेर पडत नाही, आणि उघड्या फुलातले पराग भिजले की त्यांचा उपयोग संपतो.

म्हणजे सकाळी दुधीची फुलं तुम्हाला कोमेजून पडलेलीच दिसतात असं जे होतं, त्याचं कारण तुम्ही दुधीकडे चुकीच्या वेळी जाता आहात. दुधीसाठी गच्चीवर संध्याकाळी जायचं, काकडीसाठी सकाळी.

परागण हाताने करा. काम दहा मिनिटांचं आहे. त्याची तयारी दुपारी करायची. मांडवाखाली उभं राहून कळ्या बघा. ज्या कळीचं टोक फुगून पांढरं दिसतंय, ती आज उघडणार. हिरवी, घट्ट मिटलेली कळी उद्या-परवाची. मादी कळ्या किती आहेत ते मोजा आणि प्रत्येकीच्या देठाला लोकरीचा धागा सैल बांधून ठेवा, म्हणजे अंधारात पानांत शोधाशोध होत नाही.

संध्याकाळी सहा-साडेसहाला फुलं पूर्ण उघडली की ताजं नर फूल देठासकट तोडा. मध्ये फिकट पिवळा, एकत्र चिकटलेल्या पुंकेसरांचा छोटा खांब दिसेल. त्याला बोट लावून पाहा. बोटाला पिठासारखी पूड लागली तर पराग चांगले आहेत. ओलसर चिकटा लागला किंवा काहीच लागलं नाही तर ते फूल टाका, दुसरं घ्या. नर फुलाच्या पाकळ्या हलकेच ओढून काढा, म्हणजे तो खांब उघडा पडतो आणि देठ तुमच्या हातात ब्रशच्या दांडीसारखा राहतो. मादी फुलाच्या मध्यभागी जाड, ओलसर, तीन भागांत विभागलेली कुक्षी असते. त्या तिन्ही भागांवर नर फुलाचा खांब हळूच फिरवा, दाबू नका. एकाच भागावर घासून सोडलंत तर बी एकाच बाजूला भरेल. एक नर फूल एका मादीला वापरलं तर उत्तम, कमी पडली तर दोन माद्यांना एक चालतं. नर फूल त्याच वेलाचं चालतं, शेजारच्या ड्रममधल्या दुसऱ्या जातीच्या दुधीचंही चालतं. खाण्याच्या दुधीत त्याने काही फरक पडत नाही, फरक पडतो तो त्यातल्या बियांत. काकडीचे किंवा दोडक्याचे पराग मात्र दुधीला लागत नाहीत, त्या भानगडीत पडू नका.

पावसाची चिन्हं असतील तर परागण झाल्यावर मादी फुलावर वर्तमानपत्राचा शंकू करून टोपीसारखा घाला आणि सकाळी काढा. फूल बंद करून टाकायचं नाही, फक्त वरून पाणी पडू द्यायचं नाही.

काकडीत हेच सकाळी सात ते नऊच्या दरम्यान करायचं. नर फूल लहान असतं, पाकळ्या काढून तसंच वापरता येतं, नाहीतर रंगकामाचा बारीक, कोरडा ब्रश घ्या. आता तुमच्या वाकड्या काकड्यांकडे या. एक वाकडी काकडी उभी चिरून पाहा. फुगलेल्या भागात बिया टपोऱ्या आणि बारीक भागात त्या पोचट, रिकाम्या दिसल्या, तर तिथे पराग अर्धवट पोचले. बी भरतं तिथे फळ फुगतं, बाकीचा भाग तसाच राहतो. मधमाशी एकदाच येऊन गेली की असं होतं. काकडीच्या फुलाला एकाच सकाळी पुष्कळ फेऱ्या लागतात. बिया सगळीकडे सारख्या असून काकडी वाकडी असेल तर कारण दुसरं आहे: पाण्याची ओढ किंवा वेलाच्या ताण्यात नाहीतर जाळीत काकडी अडकणं.

काकडीच्या बियांच्या पाकिटावर काय लिहिलंय तेही एकदा पाहा. शेडनेट आणि पॉलिहाऊससाठी अशा जाती मिळतात ज्यांवर जवळजवळ सगळी मादी फुलं येतात आणि परागाशिवायच बिनबियांची काकडी धरते. ती जात असेल तर नर फुलाची वाट बघण्यात अर्थ नाही. तुमच्या काकडीला नर फुलांचे झुबके येत असतील तर ती साधी जात आहे.

हाताने परागण केल्यावर कारण पक्कं करण्यासाठी एक साधी परीक्षा करा. समजा, मंगळवार ते शुक्रवार दुधीला सहा मादी फुलं उमलली. चारांना हाताने पराग लावा आणि लाल धागा बांधा. दोन तशीच सोडा, त्यांना पांढरा धागा. दोन्हींवर कागदी चिठ्ठीने तारीख लिहा. मंगळवारी पराग लागलेल्या दुधीची पाकळी बुधवारी सुकेल. गुरुवार-शुक्रवारपर्यंत त्याचा देठ जाड होऊन खाली वळायला लागेल आणि साल तकतकीत दिसेल. शनिवारी तो नजरेत भरण्याइतका लांब झालेला असेल. लाल धाग्यांचे तीन-चार फुगले आणि पांढऱ्या धाग्यांचे दोन्ही पिवळे पडले, तर प्रश्न परागाचाच होता, खत-औषधाची गरज नाही. लाल धाग्यांचेही आठवड्याभरात पिवळे पडले तर मात्र वेलाच्या पोटापाण्याकडे बघावं लागेल.

ते पोटपाणी आत्ताही बघण्यासारखं आहे, कारण तुमचा युरिया मला खटकतो. चमचाभर म्हणजे साधारण पाच ग्रॅम, तोही दर आठवड्याला एका ड्रमला, हे नत्र फार झालं. नत्र भरपूर मिळालं की वेल पानं आणि शेंडे वाढवत सुटतो, नर फुलांचं प्रमाण वाढतं आणि मादी फुलं लांबतात. गर्द हिरवी, मोठी पानं, मांडव गच्च आणि फळ नाही, हे त्याचं चित्र. लांब दिवस आणि जास्त उष्णताही नर फुलांकडेच कल नेतात. तो आपल्या हातात नाही, युरिया आहे. तो आता बंदच करा. ड्रममध्ये दोन ओंजळी कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घाला आणि पालाशासाठी पंधरा दिवसांनी मूठभर चाळलेली लाकडाची राख वरच्या मातीत मिसळा. राख याहून जास्त नको, मातीचा आम्लपणा बदलतो. पाणी ड्रमच्या तळातून थोडं निथळेल इतकं द्या. दुपारी पानं लोंबली आणि संध्याकाळी उभी राहिली तर ते चालतं. संध्याकाळीही लोंबलेलीच असतील तर वेल पाण्यावाचून तरी तडफडतोय, नाहीतर मुळं पाण्यात कुजतायत. मातीत बोट घालून पाहिल्यावर कळतं.

मादी फुलं वाढवायची असतील तर खुडायचा तो शेंडा, फुलं नव्हेत. दुधीच्या मुख्य वेलावर नर फुलं जास्त येतात, बगलेतून फुटणाऱ्या फांद्यांवर मादी फुलं तुलनेने जास्त. म्हणून मुख्य वेल मांडवाला पोचला, साधारण सहा-सात फूट झाला, की त्याचा शेंडा नखाने खुडायचा. बगलेतून दोन-चार फुटवे येतात, तेही चार-पाच पानांवर खुडले की त्यांच्या पुढच्या फांद्यांवर मादी फुलं येतात. इंटरनेटवर ज्याला थ्रीजी कटिंग म्हणतात ते हेच. तुमचा वेल दोन महिन्यांचा होत आलाय, मांडव भरलाय, तेव्हा मुख्य शेंडा खुडायची वेळ टळली आहे. आता लांब, नुसती पानं असलेले दोन-तीन शेंडे खुडा, याहून जास्त कात्री चालवू नका. काकडीवर हा प्रयोग सरसकट नको, कारण काही संकरित जातींना मुख्य वेलावरच फळं येतात.

फळं धरायला लागल्यावर एक नवीन गळ सुरू होईल, तिला घाबरू नका. एका वेलावर तीन-चार दुधी एकाच वेळी वाढत असताना मागून आलेली मादी फुलं, पराग लागूनसुद्धा, गळतात. वेल स्वतःच हिशोब करतो. त्यातही एखादा दुधी विसरून जून झाला की त्याच्या बिया पक्क्या होत जातात आणि वेल बाकीची फळं टाकून त्यालाच पोसतो. म्हणून दुधी पराग लागल्यापासून बारा-पंधरा दिवसांत, लवदार साल नखाने सहज टोचते तोवर काढा. काकडी सात-दहा दिवसांत काढा. बियाण्यासाठी एखादा ठेवायचा असेल तर हंगामाच्या शेवटी ठेवा.

आता फळमाशी. पावसाळ्यात काही कोवळी फळं परागण व्यवस्थित होऊनही गळतील, आणि ती फळमाशीची असतील. ओळख सोपी आहे. सालीवर सुईने टोचल्यासारखा बारीक ठिपका, त्यावर डिंकाचा थेंब, आणि फळ त्या जागी आखडून वाकडं होतं. चिरलं तर आत पांढऱ्या अळ्या सापडतात, कधी उड्याही मारतात. अशी फळं ड्रममध्ये किंवा कुंडीत गाडू नका, अळ्या मातीतच कोषात जातात आणि पुन्हा माशी होऊन वर येतात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस उन्हात ठेवा, मग फेका. पराग लागल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, देठ वळायला लागला की फळावर मलमलची किंवा बारीक जाळीची पिशवी चढवा. माशी पोचण्याआधी ती चढली पाहिजे. सापळा घेणार असाल तर दुकानात ‘क्यू ल्यूर’ मागा. आंब्यासाठी विकतात तो ‘मिथाइल युजेनॉल’चा सापळा वेगळ्या माशीचा आहे, वेलवर्गातल्या या माशीला त्याने काही होत नाही. एका गच्चीला एक सापळा पुरे, पण तो फक्त नर माश्या पकडतो, तेव्हा पिशवी चढवायची ती चढवायचीच.

फूलच काळं पडून त्यावर टाचणीच्या डोक्यांसारखी बारीक काळी बोंडं असलेली राखाडी बुरशी दिसली तर तो दमट हवेतला वेगळा रोग. पाकळ्या फळाच्या टोकाला चिकटून राहिल्या की बुरशी तिथून फळात शिरते. म्हणून परागण झाल्यावर दोन-तीन दिवसांनी सुकलेली पाकळी हलकेच ओढून काढा, आणि मांडव इतका गच्च असेल तर खालची पिवळी, एकमेकांवर चढलेली पानं काढून वारा खेळू द्या.

कडुनिंबाचं तेल वगैरे फवारायची वेळ आली, तर तुमच्याकडे एकाच मांडवावर सकाळचं आणि संध्याकाळचं अशी दोन्ही फुलं आहेत, हे विसरू नका. सकाळी फवारलंत तर काकडीच्या मधमाश्या जातील, संध्याकाळी फवारलंत तर दुधीच्या उघड्या फुलातले पराग ओले होतील. दुपारी तीन-साडेतीनची वेळ मधली आहे, काकडीची फुलं मिटत आलेली आणि दुधीची अजून उघडायची. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-तीन थेंब भांड्यांचा साबण, तेही ढगाळ दिवशीच. कडक उन्हात तेलाने पानं करपतात.

नर फुलं परागणाला वापरून उरलीच आणि ती खायचा मोह झालाच, तर दुधीची राहू द्या, डांगराचा वेल लावा. कोकणात आणि गोव्यात डांगराच्या फुलांची भजी आवडीने करतात, तीही नर फुलांचीच, कारण मादी फुलाला हात लावला की एक डांगर जातं.